एनडीटीचे प्रमाणपत्र तपासताना या चुका टाळा

एनडीटी म्हणजे वस्तू न तोडता तिच्यातले दोष शोधणारी चाचणी. त्यातलीच, ध्वनिलहरींनी वेल्ड तपासणारी अल्ट्रासॉनिक चाचणी करणाऱ्या तंत्रज्ञांची प्रमाणपत्रे गेली अनेक वर्षे माझ्या टेबलावर येत आहेत. त्यांतील बहुतेकांवर कुठे ना कुठे 'आयएसओ' हा शब्द छापलेला असतो आणि त्यावरून प्रमाणपत्र देणारी संस्था 'मान्यताप्राप्त' आहे असे उमेदवार सांगतो. घोळाची सुरुवात तिथेच होते.

संस्थेच्या आयएसओ ९००१ ला अधिस्वीकृती समजणे

आयएसओ ९००१ हे संस्थेच्या कारभारपद्धतीचे प्रमाणपत्र आहे. तिने घेतलेल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला माणूस सक्षम आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. व्यक्तींना प्रमाणित करणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ/आयईसी १७०२४ हे वेगळे मानक आहे आणि त्यानुसार त्या संस्थेची तपासणी करून तिला मिळते ती अधिस्वीकृती, म्हणजेच अ‍ॅक्रेडिटेशन. भारतात हे काम भारतीय गुणवत्ता परिषदेचे एनएबीसीबी हे मंडळ करते. प्रश्नपत्रिका कशी तयार होते, परीक्षक कोण आहेत, तक्रारींचे काय होते, हे तिथे पाहिले जाते. शिकवणे आणि प्रमाणित करणे एकाच छताखाली असेल, तर तो निःपक्षपातीपणाला धोका मानला जातो आणि तो कसा आटोक्यात ठेवला आहे हे संस्थेला दाखवून द्यावे लागते.

हे मला पुस्तकातून कळले असते तर बरे झाले असते. युरोपला जाणाऱ्या एका हीट एक्स्चेंजरच्या १४ नोझल-वेल्डची चाचणी आम्ही नव्यानेच आलेल्या एका मुलाकडून करून घेतली. त्याच्याकडे पाच दिवसांच्या कोर्सनंतर मिळालेले 'लेव्हल टू', म्हणजे स्वतः चाचणी करून निकाल देण्याच्या पातळीचे प्रमाणपत्र होते, त्यावर चकचकीत होलोग्राम होता आणि मी तेवढे पाहून सही केली. उपकरण तिसऱ्या श्रेणीतले होते. युरोपच्या प्रेशर इक्विपमेंट डायरेक्टिव्हनुसार तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीतील उपकरणांच्या कायम जोडांची अशी चाचणी करणारी व्यक्ती तिथल्या सदस्यराष्ट्राने मान्य केलेल्या त्रयस्थ संस्थेने मंजूर केलेली असावी लागते. अंतिम कागदपत्रे चाळताना इन्स्पेक्टरने शांतपणे विचारले, "याची परीक्षा कोणी घेतली आणि त्या परीक्षा घेणाऱ्याला कोणी तपासले?" शिकवणारा, पेपर काढणारा आणि प्रमाणपत्रावर सही करणारा एकच गृहस्थ होता. जोडांवरचा प्रायमर खरवडून बाहेरून बोलावलेल्या तंत्रज्ञाकडून चौदाही वेल्ड पुन्हा तपासले आणि माल नऊ दिवस उशिरा गेला. दोष एकाही जोडात निघाला नाही. कंपन्या अधिस्वीकृती का विचारतात, याचे उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे, कारण वेल्ड चांगला असूनही त्याच्या अहवालावर विश्वास ठेवायला इन्स्पेक्टरकडे आधार नव्हता.

तेव्हापासून मी प्रमाणपत्रावरचे बोधचिन्ह पाहत नाही. संस्थेचे नाव अधिस्वीकृती देणाऱ्या मंडळाच्या यादीत स्वतः शोधतो, मग प्रमाणपत्राचा क्रमांक संस्थेला कळवून तो खरा असल्याचे लेखी उत्तर मागवतो. याला दोन दिवस लागतात. ज्यांना दोन दिवस थांबवत नाही, त्यांच्यासाठी माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

आधीच्या कंपनीचे प्रमाणपत्र बरोबर घेऊन फिरणे

एसएनटी-टीसी-१ए ही एनडीटी तंत्रज्ञांना प्रमाणित कसे करावे याबद्दलची, एएसएनटी या अमेरिकन संस्थेची शिफारस असून तिच्यात प्रमाणित करण्याची जबाबदारी मालकावर असते. कंपनी आपली 'रिटन प्रॅक्टिस', म्हणजे माणसे प्रमाणित करण्याची लेखी कार्यपद्धती तयार करते, त्याप्रमाणे प्रशिक्षण, अनुभव, परीक्षा आणि दृष्टीची तपासणी पाहते आणि स्वतःच्या जबाबदारीवर माणसाला प्रमाणित करते. यात काही खोटे नाही आणि अनेक ग्राहकांना ते चालते. मात्र नोकरी सुटली की ते प्रमाणपत्रही संपते. नव्या कंपनीने जुनी कागदपत्रे पुरावा म्हणून पाहावीत, पण प्रमाणित नव्याने करावे. एनडीटी तंत्रज्ञांच्या प्रमाणीकरणाचे आंतरराष्ट्रीय मानक असलेल्या आयएसओ ९७१२ खालचे प्रमाणपत्र त्रयस्थ संस्थेचे असल्याने नोकरी बदलली तरी सोबत राहते, परंतु त्याची मुदत पाच वर्षांची असते आणि काम करण्याचे अधिकारपत्र नव्या मालकानेच द्यायचे असते. पहिल्या पगाराच्या घाईत असलेल्या मुलांना हा फरक सांगितला की ती मलाच कागदी घोडे नाचवणारा समजतात.

लहान वाटणाऱ्या चुका

अधिस्वीकृतीची व्याप्ती न वाचणे: संस्था अल्ट्रासॉनिकसाठी अधिस्वीकृत असली म्हणून तिचे रेडिओग्राफीचे प्रमाणपत्रही त्याच व्याप्तीत बसते असे नाही.

जुनी तारीख न पाहणे: प्रमाणपत्र दिले त्या दिवशी संस्थेची अधिस्वीकृती चालू होती का, हे पाहावे. नंतर मिळालेली अधिस्वीकृती मागच्या प्रमाणपत्रांना आपोआप लागू होते असे मी धरत नाही.

जवळच्या दृष्टीची वार्षिक तपासणी विसरणे: प्रमाणपत्र कितीही खणखणीत असो, ही नोंद नसेल तर इन्स्पेक्टर अहवाल बाजूला ठेवतो आणि मीही ठेवतो.