सरांकडे महिन्यातला अर्धा तास मागायच्या आधी

मी सीए झाले, आर्टिकलशिप जिथे केली तिथून बाहेर पडले आणि नागपुरात मानेवाड्याला स्वतःचं छोटं ऑफिस टाकलं. पहिल्याच वर्षात कळलं की कायदा पुस्तकात सापडतो पण क्लायंटला नाही कसं म्हणायचं, फी कधी वाढवायची, माणूस कधी ठेवायचा हे कुठेच लिहिलेलं नसतं, ते ज्यांनी पंचवीस-तीस वर्षं प्रॅक्टिस केली त्यांच्याकडूनच कळतं. माझे सर रामदासपेठेत बसतात. मी त्यांना मेसेज टाकला होता, "सर कधी वेळ असेल तर भेटू या का, थोडं मार्गदर्शन हवं होतं." सरांचं लगेच उत्तर आलं, "ये ना केव्हाही." आणि मग पाच महिने काहीच झालं नाही, कारण केव्हाहीला तारीख नसते. मला फोन करायचा संकोच वाटायचा, आणि सर तरी कशाला आठवण ठेवतील. चूक माझी होती. मी वेळ मागितला पण किती, कधी, कशासाठी हे ठरवायचं काम त्यांच्यावर टाकलं, आणि ज्याच्याकडे वेळ नाही त्याला सगळ्यात जड तेच जातं. दुसऱ्यांदा मागितलं तेव्हा आधी चार-पाच दिवस बसून तयारी केली. तीच इथे लिहून राहिले, आपल्या लाईनमधल्या कोणाला उपयोगी पडेल म्हणून.

सगळ्यात आधी त्यांचं कॅलेंडर मांडायचं, आपलं नाही. सीएचा महिना कसा जातो हे आपल्याला माहीतच आहे, 7 ला टीडीएस भरायचा, 11 ला जीएसटीआर-1, 15 ला पीएफ-ईएसआय, 20 ला 3बी, आणि तिमाहीवाल्यांची 3बी आपल्या महाराष्ट्रात 22 ला. म्हणजे 22 पर्यंत सरांकडे काही मागूच नये, आणि महिन्याचे शेवटचे दोन-तीन दिवसही सोडून द्यावे. उरतो मधला एक आठवडा. मी कागदावर लिहून बघितलं तेव्हा लक्षात आलं की महिन्याचा चौथा शनिवार कायम 22 ते 28 च्याच मधे येतो, कोणत्याही महिन्यात, आणि त्या दिवशी बँकाही बंद असतात त्यामुळे लोन फाईलवाले, स्टेटमेंटवाले फोन कमी असतात. दरवेळी "सर या महिन्यात कधी" हा प्रश्नच उरत नाही. तारीख शोधण्यासाठी सहा मेसेज होतात ना, तो वेळही त्यांचाच जातो, हे मला आधी सुचलंच नव्हतं.

मग त्यातूनही महिने कापायचे. जुलैत रिटर्न, सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट, ऑक्टोबरमधे ऑडिटवाल्यांचे रिटर्न, मार्च तर विचारूच नका. हे चार महिने मी स्वतःहून सोडले. राहिले आठ. आठ वेळा अर्धा तास म्हणजे वर्षाचे चार तास. हा आकडा मेसेजमधे लिहायचाच, कारण दर महिन्याला भेट म्हटलं की समोरच्याला कधी न संपणारं काहीतरी गळ्यात पडल्यासारखं वाटतं आणि वर्षाचे चार तास म्हटलं की त्याला ते मोजता येतं. आणि तारखा वाढल्या (वाढतातच) तर आपला शनिवार आपोआप रद्द समजायचा, भरपाई मागायची नाही.

जागा त्यांचीच. मला आधी वाटायचं की बाहेर कुठेतरी नाश्त्याला बोलवावं, बरं दिसेल, पण त्यात जाणं-येणं धरून त्यांचा दीड-दोन तास जातो आणि बोलणं होतं वीस मिनिटं. सरांचा मॉर्निंग वॉकही मागायचा नाही, तो त्यांचा आहे. त्यांच्या ऑफिसात, ऑफिस भरायच्या आधी, दहाला. मे महिन्यात ऊन बघता मी साडेआठ सुचवलं. आणि डिसेंबरमधे अधिवेशन असलं की सिव्हिल लाईन्सपासून बर्डीपर्यंत रस्त्याचा काही भरवसा नसतो, तेव्हा फोनवरच वीस मिनिटं.

आता अर्ध्या तासात काय करायचं हे मागायच्या आधीच लिहून ठेवायचं, कारण सरांनी "बरं, काय बोलायचं आपण?" असं विचारलं आणि आपण अडखळलो तर विषय तिथेच संपतो. मी असं ठेवलं. पहिली पाच मिनिटं मागच्या वेळी त्यांनी जे सांगितलं त्याचं काय केलं ते, मग वीस मिनिटं एकच प्रश्न, शेवटची पाच मिनिटं त्यांना जे वाटेल ते. एकच प्रश्न, हे पाळणं कठीण आहे. माझ्याकडे महिनाभरात पंधरा जमतात. पण पंधरा विचारले की सर प्रत्येकाला एका वाक्यात उत्तर देतात, आणि एका वाक्यातलं उत्तर तर मला शोधूनही सापडलं असतं.

प्रश्न कसा निवडायचा यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, म्हणून एक पूर्ण सांगते. माझा एक ठोक व्यापारी क्लायंट आहे, खरेदीची बिलं 19 ला संध्याकाळी आणून देतो. 2बी 14 ला आलेलं असतं, त्यात त्याची काही बिलं नसतात कारण पुढच्याने चढवलेलीच नसतात, आणि हा म्हणतो मॅडम सगळं क्रेडिट घ्या, बाकी मी बघतो. माझा पहिला प्रश्न होता, "सर, 2बी मधे नसलेलं क्रेडिट घेता येतं का?" हा प्रश्न खोडला. याचं उत्तर "नाही" असंच आहे, आणि ते मला माहीत आहे, सरांची वीस मिनिटं त्यात कशाला घालवायची. खरी अडचण दुसरीच होती. माझी महिन्याची ठरलेली फी सगळी मिळून तेव्हा 40,000 होती आणि त्यातले 8,000 हा माणूस आणि त्याच्या ओळखीने आलेले तिघं मिळून देत होते. मी ठाम नाही म्हटलं आणि तो गेला तर पाचवा हिस्सा एका दिवसात जातो, याची मला भीती होती. तेव्हा प्रश्न असा झाला, "चुकीचं क्रेडिट मी घेणार नाही हे पक्कं आहे. पण हा क्लायंट टिकेल असं कसं सांगू, आणि नाही टिकला तर आधी काय तयारी ठेवू?" सोबत मी काय विचार केला तेही दोन ओळीत लिहिलं.

सरांनी जे सांगितलं ते मला कोणत्याच सर्क्युलरमधे मिळालं नसतं. ते म्हणाले, "तू त्याला नाही म्हणून राहिली ना, म्हणून तो भांडते. त्याला सांग क्रेडिट बुडत नाही, सरकते. पुढच्याने बिल चढवलं की ज्या महिन्याच्या 2बी मधे येईल त्या महिन्यात घेऊ, वर्ष संपल्यावरही 30 नोव्हेंबरपर्यंत वेळ असते. आणि बिलांची तारीख 12 कर, लिहून दे, म्हणजे 14 च्या आधी तुझ्याकडे यादी तयार राहील आणि ज्याने चढवलं नाही त्याला तोच फोन करेल." पुढच्या भेटीच्या पहिल्या पाच मिनिटांत मी सांगितलं की माणूस टिकला, बिलं 12 ला नाही पण 13-14 ला येऊन राहिली. सरांना ते ऐकून जे बरं वाटलं ते दिसत होतं. सल्ला देणाऱ्याला त्याचं पुढे काय झालं हे बहुतेक वेळा कोणी कळवतच नाही.

यात एक गोष्ट विसरायची नाही. क्लायंटचं नाव, फर्मचं नाव, कागद, यातलं काही सरांपुढे ठेवायचं नाही. क्लायंटच्या परवानगीशिवाय कामातून कळलेली माहिती दुसऱ्याला सांगणं हे 1949 च्या आपल्या कायद्यात दुसऱ्या शेड्यूलखाली व्यावसायिक गैरवर्तन आहे, आणि सर सीए आहेत म्हणून त्यात सूट नाही. नागपूर तसं लहान गाव, धंदा आणि बाजार दोन्ही सांगितले तरी सर ओळखतील कोण ते, म्हणून मी बाजार कधीच सांगत नाही (इथेही नाही सांगितला). सरांनाही त्यामुळे अवघडल्यासारखं होत नाही, तो माणूस उद्या त्यांच्याकडेही येऊ शकतो.

तसंच या अर्ध्या तासात काम मागायचं नाही, क्लायंट पाठवा म्हणायचं नाही. एकदा मागितलं की पुढच्या प्रत्येक भेटीत सरांना वाटेल ही आता काय मागते. त्यांनी स्वतःहून काही दिलं तर ते दुसऱ्या दिवशी वेगळ्या फोनवर बोलायचं.

प्रश्न गुरुवारी रात्री व्हॉट्सॲपवर पाठवायचा, आठ-दहा ओळीत, फोनवर वाचता येईल असा. एक्सेल नाही, पीडीएफ नाही. प्रश्नच नसेल तर गुरुवारी "सर या महिन्यात विशेष काही नाही, शनिवार तुमचा मोकळा" असं कळवायचं. मी एकदा असं कळवलं तर सरांचा उलट फोन आला, त्यांना आवडलं होतं.

आणि मग मागायचा मेसेज. समोरासमोर मागू नये असं माझं मत आहे, तोंडावर नाही म्हणणं जड जातं आणि नाइलाजाने आलेलं हो दोन महिन्यांत विरतं. मी हा पाठवला होता, 24 तारखेला संध्याकाळी, 18-19 ला नाही.

"नमस्कार सर. प्रॅक्टिसमधे कायद्यापेक्षा निर्णयांचे प्रश्न जास्त येऊन राहिले, त्यावर तुमच्याशी नियमित बोलता आलं तर फार मदत होईल. चौथ्या शनिवारी सकाळी दहाला तुमच्या ऑफिसात अर्धा तास, जुलै, सप्टेंबर, ऑक्टोबर, मार्च सोडून, म्हणजे वर्षाचे चार तास. एकच प्रश्न, तो गुरुवारी पाठवीन. आधी तीनदा करून बघू, तिसऱ्यानंतर मीच विचारीन की चालू ठेवायचं का. जमत नसेल तर अगदी मोकळेपणाने सांगा सर, तिमाहीला एक फोन झाला तरी मला पुरेल."

यातलं तीनदा फार महत्त्वाचं आहे, आणि तिसऱ्या भेटीनंतर खरंच विचारायचं. सरांनी लागोपाठ दोनदा तारीख पुढे ढकलली, किंवा बोलताना सारखा फोन घ्यायला लागले, तर वाट न बघता आपणच तिमाहीवर यायचं, नाराजी न दाखवता. मेसेज गेला की आठ दिवस थांबायचं, नंतर एकच आठवण, तीही 22 च्या पुढे. माझ्या मेसेजला तिसऱ्या दिवशी उत्तर आलं होतं, "चालते. पण दहा नको, पावणेदहाला ये, दहाला चहावाला येते."