घाबरून विकलंत, आता परत कसं शिरायचं?

पडझडीत शेअर विकून पैसे बाजूला ठेवले की माणूस ‘अजून थोडं खाली येऊ दे’ म्हणत बसतो. बाजार वर गेला तर महाग वाटतो, खाली आला तर भीती वाटते. म्हणून भावाऐवजी तारीख धरा. समजा, 6 लाख परत गुंतवायचे आहेत. दर महिन्याच्या 5 तारखेला 1 लाख, असे 6 हप्ते इंडेक्स फंडात आपोआप जातील अशी सोय करा. उरलेली रक्कम लिक्विड फंडात राहू द्या. मुदत वर्षापलीकडे ताणू नका, ते पुन्हा थांबणंच झालं. दुसऱ्या हप्त्यानंतर बाजार घसरला आणि हप्ता थांबवावासा वाटला, तर शेअरमधला वाटाच तुम्हाला झेपण्यापेक्षा मोठा ठरलाय. तो कमी करा, तारीख मोडू नका. दोन-तीन वर्षांत लागणारे पैसे मात्र यात धरूच नका.