युरोस्टोमीची पिशवी गळते? आधी भोक मोजा

मूत्राशय काढल्यावर छोट्या आतड्याचा साधारण 15 ते 20 सेंटिमीटरचा तुकडा वेगळा करून त्याला दोन्ही मूत्रनलिका जोडतात आणि त्याचं एक तोंड पोटावर आणतात. हे लालसर, ओलसर तोंड म्हणजे स्टोमा. त्याला झडप नसते, त्यामुळे लघवी रोखून धरता येत नाही, ती सतत ठिबकत राहते. तुकडा आतड्याचा असल्याने लघवीत चिकट पांढरे धागे दिसतात. तो आतड्याचा श्लेष्मा असतो, पू नव्हे.

ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी आलेल्या एका काकांची पिशवी रोज गळत होती. घरी जाताना त्यांचा स्टोमा 35 मिलिमीटर होता आणि पिशवी त्वचेवर चिकटवणाऱ्या चकतीला 38 चं भोक पाडायला सांगितलं होतं. ते इमानाने तेवढंच कापत राहिले. पण सूज उतरत जाते तसा स्टोमा पहिले सहा ते आठ आठवडे आक्रसतो. मी मोजला तेव्हा तो 28 भरला. म्हणजे चहूबाजूंनी 5 मिलिमीटर त्वचा उघडी, आणि तिच्यावर अहोरात्र लघवी. त्यात गळती कमी व्हावी म्हणून काकांनी पाणी पिणंच कमी केलं होतं. हे बरेच जण करतात आणि तिथेच फसतात. थेंब थांबत नाहीत, लघवी मात्र घट्ट आणि उग्र होते, शिवाय जंतुसंसर्गाचा आणि खड्यांचा धोका वाढतो.

पिशवी कशी बदलावी

वेळ सकाळची, चहापाण्याच्या आधीची. रात्रभर पाणी पोटात गेलेलं नसतं, त्यामुळे धार मंद असते. नवी चकती कापून, सगळं सामान हाताशी ठेवून मगच जुनी काढा.

1. पिशवी रिकामी करा. एका हाताने त्वचा दाबून धरत चकती वरून खाली हळूहळू सोडवा. ओढू नका.
2. गॉजची घट्ट गुंडाळी स्टोमाच्या तोंडावर धरा. ती लघवी शोषत राहते आणि तेवढ्यात बाकीचं काम उरकतं.
3. आजूबाजूची त्वचा नुसत्या कोमट पाण्याने पुसा. तेलकट साबण किंवा क्रीम लावलं की चकती धरत नाही. पुसताना स्टोमातून रक्ताचा ठिपका आला तर घाबरू नका, तिथली आवरणं नाजूक असतात.
4. त्वचा पूर्ण कोरडी करा. निम्म्या गळती इथल्या घाईमुळे होतात, असं माझं मत आहे.
5. स्टोमा मोजा आणि भोक त्याहून 2 ते 3 मिलिमीटरच मोठं ठेवा. काकांसाठी ते 30 झालं.
6. गुंडाळी काढून चकती लगेच बसवा, तळहाताने मिनिटभर दाबून धरा. उबेने ती नीट चिकटते. खालची तोटी बंद आहे ना, बघा. (हे विसरण्याचा अनुभव एकदाच पुरतो.)

नीट बसलेली पिशवी साधारण तीन-चार दिवस टिकते. ती निम्मी भरायच्या आत रिकामी करा, वजनाने चकती सुटते. झोपताना तोटीला रात्रीची मोठी पिशवी जोडा.

त्वचा काय सांगते

काकांच्या स्टोमाभोवती राखाडी-पांढरे, चामखिळीसारखे जाड उंचवटे होते आणि त्यांवर वाळूसारखी खर. उंचवटे सतत ओल्या राहिलेल्या त्वचेचे, खर क्षारयुक्त लघवीतल्या स्फटिकांची. खरीसाठी पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात भिजवलेलं गॉज पिशवी बदलताना पाच-दहा मिनिटं ठेवायचं, मग पाण्याने धुऊन कोरडं करायचं. कातडी सोललेली असेल तर मात्र हे झोंबतं, तेव्हा करू नका. उंचवट्यांवर मुख्य उपाय योग्य मापाचं भोक हाच. काकांचे काही आठवड्यांत सपाट झाले.

नुसती लाल, ओलसर त्वचा असेल तर स्टोमा पावडर पातळ भुरभुरून जास्तीची झटका. खाज आणि लालीच्या कडेला सुटे लाल ठिपके दिसले तर ती बहुधा बुरशी, तिला डॉक्टरांनी दिलेली बुरशीनाशक पावडर लागते. लाली अगदी चकतीच्याच आकाराची असेल तर तिच्या गोंदाची अॅलर्जी तपासा.

पाणी किती

दिवसभरात दोन ते अडीच लिटर द्रव, विभागून. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील ते प्रमाण. लघवी फिकट पिवळी असली की पुरेसं आहे. रंग पाहायचा तो ताज्या लघवीचा, रात्रभर साठलेल्या पिशवीतला नव्हे.

तपासणीचा नमुनाही पिशवीतून देऊ नका. तिथे जंतू असतातच आणि विनाकारण अँटिबायोटिक सुरू होतं. नुसता वास किंवा धूसरपणा म्हणजे संसर्ग नव्हे. ताप, थंडी, कमरेच्या बाजूला दुखणं असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. काही तास लघवीच आली नाही किंवा स्टोमा जांभळा-काळा पडला, तर थेट हॉस्पिटल गाठा.