भात पुन्हा उकळला म्हणजे निर्धोक झाला? या चुका टाळा

उरलेला भात बाहेर राहिला, सकाळी लक्षात आलं, वास घेऊन पाहिला, ठीक वाटला. मग 'कडक गरम करू, काय असतील ते जंतू मरतील' असं म्हणून तो गॅसवर चढतो. हे वाक्य अर्धंच खरं आहे. जंतू बहुतेक मरतात. पण तोवर त्यांनी जे करून ठेवलेलं असतं, ते मरत नाही.

भाताशी जोडलेल्या या जंतूचं नाव बॅसिलस सेरियस. तो मातीत राहतो, त्यामुळे धान्याबरोबर स्वयंपाकघरात येणं त्याला अवघड नाही. तांदूळ धुऊन तो पूर्ण जात नाही. प्रतिकूल परिस्थितीत हा जंतू टणक कवचाचे बीजाणू बनवतो, आणि भात शिजण्याइतकी उकळी यातले बरेचसे बीजाणू सहन करतात. उलट त्या उष्णतेनं त्यांना जाग येते. भात कोमट होऊ लागला की ते रुजतात, वाढतात, आणि काही वाण वाढताना सेरुलाइड नावाचं विष भातात सोडतात. हे विष इतकं चिवट आहे की १२१ अंशांवर दीड तास तापवलं तरी टिकतं. घरातला प्रेशर कुकरसुद्धा साधारण एवढाच तापतो. तेव्हा तेलात खमंग परतणं, वाफ काढणं किंवा मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटं फिरवणं, यातलं काहीही त्या विषाला हात लावू शकत नाही.

म्हणून भाताच्या बाबतीत सगळा खेळ गरम करण्याचा नसून थंड करण्याचा आहे.

एका रात्रीचा हिशोब

समजा, रात्री ९ वाजता मोठं पातेलंभर भात झाला. जेवणं झाली, अर्धं पातेलं उरलं, झाकण लावून ओट्यावरच राहिलं. ११ च्या सुमाराला भात ६० अंशांच्या खाली आला असं धरू. इथून खाली पाच अंशांपर्यंतचा पट्टा धोक्याचा, आणि त्यातही कोमट असतानाचा काळ सर्वांत वाईट. बीजाणूंना रुजायला दोन तास देऊ. म्हणजे रात्री १ पासून वाढ सुरू. सकाळी ८ पर्यंत सात तास मिळाले. दर अर्ध्या तासाला संख्या दुप्पट होते असं धरलं, तर चौदा वेळा दुप्पट. एका ग्रॅममध्ये सुरुवातीला अवघे १०० जंतू असतील, तर सकाळी सोळा लाखांच्या वर. विष त्रासदायक प्रमाणात बनू शकतं अशी मर्यादा साधारण लाखाच्या आसपास सुरू होते. हा कागदावरचा हिशोब आहे. प्रत्यक्षात खोलीचं तापमान आणि जंतूचा वाण यांनुसार आकडे बदलतील, आणि सगळे वाण हे विष बनवतही नाहीत. म्हणूनच 'आम्ही वर्षानुवर्षं असाच खातो, काही झालं नाही' हे म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या वाट्याला तो वाण आलेला नसतो, इतकंच.

सकाळी हा भात तुम्ही वाफाळेपर्यंत गरम केलात. जंतू संपले, विष उरलं. साडेआठला खाल्ला तर दहा-अकरापर्यंत मळमळ आणि उलट्या. या प्रकारची हीच खूण आहे: खाल्ल्यापासून अर्धा ते सहा तासांत त्रास, ताप सहसा नाही, आणि बहुतेकांना दिवसभरात आराम. वास आणि चव मात्र आधी काहीच सांगत नाहीत, कारण सेरुलाइडला दोन्ही नाहीत. भात चिकट झाला, आंबूस लागला तर फेकायचाच. पण चांगला लागतो म्हणून खायचा, हा नियम चालत नाही.

क्वचित प्रकरण गंभीरही होतं. २००८ साली बेल्जियममध्ये एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ली आणि त्याच रात्री तो दगावला. म्हणजे ही भानगड फक्त तांदळाची नाही, शिजवलेल्या कोणत्याही पिष्टमय पदार्थाची आहे.

थंड करताना होणाऱ्या चुका

सर्वांत मोठी चूक म्हणजे भात पातेल्यातच ठेवणं. ढिगाच्या वरचा थर गार लागतो, पण मध्ये बोट घातलं तर तासाभरानंतरही चटका बसतो. भात उष्णता सहज सोडत नाही, आणि जाडी निम्मी केली तर आतली उष्णता बाहेर यायला जवळजवळ चौथाई वेळ पुरतो. तेव्हा पसरट ताटात किंवा परातीत तीन-चार सेंटिमीटरांचा थर पसरा. पहिली दहा-पंधरा मिनिटं वाफ जाऊ द्या, दरम्यान एकदा उलथवा. मग उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये, एकूण तासाभराच्या आत.

'गरम वस्तू फ्रिजमध्ये ठेवू नये' हा सल्ला इथे उलटा घात करतो. उकळतं पातेलं ठेवू नये हे बरोबर, कारण शेजारचं दूध तापेल आणि मोठ्या भांड्याचा मधला भाग फ्रिजमध्येही कित्येक तास कोमटच राहील. पण पातळ थरातला कोमट भात फ्रिजला जड नाही. घट्ट झाकण मात्र भात पूर्ण गार झाल्यावर.

फ्रिज पाच अंशांच्या खाली आहे का, हे साध्या थर्मामीटरनं एकदा बघाच. या जंतूचे काही वाण सात अंशांवरही हळूहळू वाढतात. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेचा सल्ला आहे की असा भात २४ तासांत संपवावा. अमेरिकी सल्ला इतर उरलेल्या अन्नाप्रमाणे तीन-चार दिवसांचा आहे. मी स्वतः भाताला पहिलाच नियम लावते. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर फ्रीझर. तिथे वाढ थांबते, पण बीजाणू जिवंतच राहतात, त्यामुळे बाहेर काढल्यावर घड्याळ पुन्हा सुरू होतं.

राइस कुकरचं 'वॉर्म' बटणही फसवतं. भात ६० अंशांच्या वर राहत असेल तर ठीक. कोमट ठेवत असेल तर तो ऊबवणीचा डबाच आहे.

मग गरम करायचं कशाला?

नीट थंड केलेल्या अन्नासाठी. आत वाढलेले थोडे जंतू त्यानं मरतात. मांसाच्या घट्ट रश्शात वाढणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सही बीजाणूंतूनच येतो, पण त्याचं विष बहुधा आपल्या आतड्यात तयार होतं. त्यामुळे तिथे खळखळून उकळी खरंच उपयोगी पडते. मध्यभागी ७५ अंश, म्हणजे सगळीकडून वाफ यायला हवी. मायक्रोवेव्हमध्ये भातावर चमचाभर पाणी शिंपडा, झाका, मध्येच ढवळा, बंद झाल्यावर मिनिटभर तसंच राहू द्या, कारण मध्ये गार गोळे उरतात. लागेल तेवढाच भाग काढून एकदाच गरम करा. डबा पुन्हा पुन्हा तापवणं आणि गार करणं म्हणजे त्याच कोमट पट्ट्यातून दरवेळी नवी फेरी.

उलट्या थांबत नसतील, पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी बंद झाली असेल, शुद्ध मंदावली किंवा डोळे पिवळे दिसले, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा, आणि काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, ते अन्न त्याआधी किती तास बाहेर होतं, हे तिन्ही सांगा.