एन्काउंटरनंतरची चौकशी: या चुका टाळा

एन्काउंटरची बातमी आली की पहिली चूक आपण वाचतानाच करतो. ‘गुन्हा दाखल’ असं छापून आलं, की वाटतं गोळी झाडणाऱ्यांची चौकशी सुरू झाली. एफआयआर हातात घ्या आणि आरोपीच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते पाहा. बऱ्याचदा ते मेलेल्याचंच असतं: पोलिसांवर गोळीबार, खुनाचा प्रयत्न. फिर्यादी पोलिस, आरोपी मृत, मग तपास कोणाचा होणार?

मुंबईतल्या रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैयाच्या प्रकरणात हेच झालं. 11 नोव्हेंबर 2006 रोजी पोलिसांनी त्याला वाशीतून उचललं आणि त्याच संध्याकाळी वर्सोव्यात चकमकीत तो मेल्याचं जाहीर झालं. गुन्हा नोंदला गेला तो त्याच्याच विरुद्ध. त्याचा भाऊ वकील. भावाला उचलल्याचं कळताच त्याने वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले होते. चकमक जाहीर होण्याआधीची वेळ असलेला हा कागद पुढे फार कामी आला. अशा वेळी फोनवर विनवण्या करण्यात वेळ घालवू नका, तारीख-वेळ उमटेल असं काहीतरी लेखी पाठवा.

दुसरी चूक म्हणजे दंडाधिकारी चौकशीलाच तपास समजणं. 2008 मध्ये दंडाधिकाऱ्यांनी ही चकमक खोटी असल्याचा अहवाल दिला, तरी कोणी आत गेलं नाही. ही चौकशी मृत्यू कसा झाला ते सांगते, आरोपपत्र ठेवत नाही. 2009 मध्ये हायकोर्टाने भावाच्या तक्रारीवरून खुनाचा गुन्हा नोंदवायला लावला आणि विशेष पथक नेमलं, तेव्हा कुठे गाडी हलली. 2013 मध्ये सत्र न्यायालयाने 21 जणांना दोषी धरलं, त्यांत 13 पोलिस होते.

आता नियम स्पष्ट आहेत. मुंबईतल्याच चकमकींवरून गेलेल्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 23 सप्टेंबर 2014 रोजी ते घालून दिले. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा. त्यावर देखरेख करणारा अधिकारी चकमकीच्या पथकप्रमुखापेक्षा किमान एक पायरी वरचा हवा. शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी करायचं, त्याचं चित्रीकरण करून ते जपायचं. दंडाधिकारी चौकशी प्रत्येक वेळी व्हायलाच हवी. माणूस कोठडीत असताना मेला असेल तर ती न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाते. अशा वेळी प्रांताधिकाऱ्याचा अहवाल दाखवून कोणी बोळवण करत असेल तर तिथेच हरकत घ्या.

मानवाधिकार आयोगाला कळवलं की झालं, असंही मानू नका. आयोगाला माहिती देणं सक्तीचं आहे, पण गंभीर शंका नसेल तर त्याने हात घालायलाच हवा असं नाही. नियम पाळले जात नाहीत असं वाटलं तर नातेवाइकांनी त्या हद्दीतल्या सत्र न्यायाधीशांकडे अर्ज करावा. ही वाट त्याच निकालात लिहिली आहे, पण बहुतेकांना ती ठाऊकच नसते.