चेक परत आल्यावर पत्र लिहिण्यापूर्वीची तयारी

चेक वटला नाही हे कळताच त्याच दिवशी ज्याचे पैसे देणे आहे त्याला स्वतः फोन करावा आणि त्यानंतर रक्कम हप्त्यांनी फेडण्याच्या पत्राला बसावे. चेक क्रमांक, तारीख, रक्कम, बँकेचे नाव हे सगळे पत्रात येतेच. मागच्या वेळी माझ्याकडून राहिली ती नोंद मात्र आधी करून घ्या: चेक का परत केला हे सांगणारा बँकेचा रिटर्न मेमो पैसे घेणाऱ्यांच्या हाती कोणत्या दिवशी पडला. हा मेमो त्यांची बँक त्यांना देते, आपल्याला नाही, म्हणून तारीख त्यांनाच विचारावी लागते. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ प्रमाणे त्यांना नोटीस पाठवायला त्या दिवसापासून ३० दिवस मिळतात, आणि मेमोची तारीख न पाहता आखलेले हप्ते त्या मुदतीपलीकडे गेले की सज्जन व्यापाऱ्यालाही वकिलाकडे जावे लागते.

समजा, सिमेंटच्या दुकानदाराला ५ जूनच्या तारखेचा ६०,००० रुपयांचा चेक दिला आणि मेमो त्याला ९ जूनला मिळाला. नोटिशीची मुदत ९ जुलैपर्यंत. मग २०,००० पत्राबरोबरच, २०,००० २५ जूनला आणि उरलेले ५ जुलैला, असे लिहावे. हे झेपत नसेल तर शेवटचा हप्ता निदान चेकच्या तीन महिन्यांच्या वैधतेत, म्हणजे ऑगस्टअखेरपर्यंत ठेवावा. तोवर चेक पुन्हा बँकेत भरता येत असल्याने थांबण्यात त्याचा हक्क बुडत नाही, आणि हे पत्रात स्पष्ट लिहिलेले बरे. पण कोणताही हप्ता ठरवण्याआधी मेमोची तारीख समोर हवी.

कारण एका वाक्यात द्यावे: खात्यात पुरेशी शिल्लक ठेवली नाही, ही जबाबदारी माझी. बँकेला किंवा आपले पैसे थकवणाऱ्या गिऱ्हाइकाला दोष देऊ नये, कारण दुकानदाराला त्याच्याशी कर्तव्य नसते. रक्कम मात्र हिशेब तपासूनच मान्य करावी. हे पत्र पुढे न्यायालयात आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून येऊ शकते.

हप्त्यांसाठी नवे चेक देऊ नका, कारण त्यातला प्रत्येक न वटलेला चेक स्वतंत्र खटला होऊ शकतो. पैसे बँकेतून पाठवावेत, त्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक कळवावा, आणि मिळालेली रक्कम जुन्या चेकच्या पाठीवर नोंदवून घ्यावी. कलम ५६ त्यासाठीच आहे. पूर्ण फेड झाल्यावर तो चेक परत मागून घ्यावा.

पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावे आणि त्यांची संमती लेखी घ्यावी. तरीही नोटीस आलीच तर ती नाकारू नये. मिळाल्यापासून १५ दिवसांत पूर्ण रक्कम भरावी लागते, तिथे हप्ते चालत नाहीत. आणि मेमोची तारीख पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.