रात्री दोन अ‍ॅपचे आकडे का जुळत नाहीत?

मध्यरात्रीनंतर बिलिंग अ‍ॅप आजची विक्री 0 दाखवतं, रिपोर्टचं अ‍ॅप मात्र 52 बिलं. पैसे कुठेही गेलेले नाहीत. रिपोर्टच्या अ‍ॅपचा दिवस UTC या जागतिक प्रमाणवेळेवर चालतो. दुकानाचं घड्याळ त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे असेल, तर त्या अ‍ॅपमध्ये तारीख पहाटे साडेपाचला बदलते. तोवर ते कालचीच बिलं ‘आज’मध्ये धरतं.

मालकाला तोंडी सांगून फारसं पटत नाही. दोन्हीकडचं शेवटचं बिल उघडून दाखवा: बिल नंबर तोच, वेळ मात्र साडेपाच तासांनी वेगळी. मग रिपोर्टच्या सेटिंगमध्ये Time zone बदला, शक्यतो महिन्याच्या पहिल्या तारखेला. मधेच बदललं तर त्या दिवसाची बेरीज बिघडू शकते.

मध्यरात्रीनंतरही ऑर्डर येत असतील तर फरक पहाटे मिटत नाही, दिवसभर राहतो.